खोडलेली किंमत : सेलच्या जाहिरातीचा चाळीस वर्षांचा मागोवा

ऐंशीच्या दशकात मंगल कार्यालयात भरणारा सेल आठवत असेल, तर त्याची जाहिरातही आठवेल. वर्तमानपत्रात तळाच्या कोपऱ्यात चौकट असायची. सोलापूरच्या चादरी, टॉवेल, साड्या, ‘भव्य सवलत’, ‘फक्त तीन दिवस’. चौथ्या दिवशी त्याच चौकटीत ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ अशी ओळ यायची आणि सेल पुढे आठवडाभर चालायचा. सवलत कोणत्या किमतीवर, हे त्या चौकटीत क्वचितच लिहिलेलं असे. कार्यालयात गेल्यावर लाल शाईने खोडलेला एक आकडा आणि त्याखाली दुसरा आकडा दिसे. वरचा आकडा कुठून आला, हे विचारायची पद्धत नव्हती.

विचारलं असतं तरी 1984 पर्यंत कायदा फारसा पाठीशी नव्हता. 1969 चा मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापार प्रथा कायदा, म्हणजे एमआरटीपी, मोठ्या उद्योगांच्या मक्तेदारीवर रोखलेला होता. फसव्या जाहिरातीने ग्राहकाचं नुकसान होतं, हे त्यात धरलेलंच नव्हतं. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने 1978 मध्ये ही उणीव दाखवून दिली. तोवर पुण्यात आणि मुंबईत ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालेलं होतं आणि अशा तक्रारी उघडपणे मांडल्या जाऊ लागल्या होत्या. अखेर 1984 मध्ये कायद्यात 36अ हे कलम घालून अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या केली गेली. ती 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आली आणि तिथून 2019 च्या कायद्याच्या कलम 2(47) मध्ये. शब्द जवळपास तेच राहिले.

ते शब्द नीट वाचण्यासारखे आहेत, कारण सेलच्या जाहिरातीतल्या दोन्ही दुखण्यांवर त्यात बोट ठेवलेलं आहे. पहिलं दुखणं मूळ किमतीचं. एखादा माल सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकला जातो, तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित प्रथा ठरते. त्यापुढची ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. जाहिरातीत नुसती एक किंमत लिहिली आणि ती कोणाची हे सांगितलं नाही, तर ती बाजारात इतर विक्रेते साधारणपणे घेतात तीच किंमत आहे, असं कायदा धरून चालतो. विक्रेत्याला स्वतःची आधीची किंमत म्हणायची असेल, तर त्याने तसं स्पष्ट लिहायला हवं. दुसरं दुखणं मुदतीचं आणि मालाचं. सवलतीचा दर वाजवी काळासाठी आणि वाजवी प्रमाणात देण्याचा इरादा नसताना तो जाहीर करणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

म्हणजे नियम चाळीस वर्षांपासून आहे. बाजारात मात्र मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली.

1990 च्या सुमारास आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं बंधनकारक झालं. त्याआधी ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती आणि त्या तीन शब्दांच्या आडून दुकानदार हवे तसे पैसे घेत. एमआरपीने ही पळवाट बुजवली. पण त्याबरोबर सेल लावणाऱ्यांच्या हाती खोडायला एक छापील, अधिकृत दिसणारा आकडा आला. एमआरपी ही वरची मर्यादा आहे. ती उत्पादक स्वतः ठरवतो आणि त्या किमतीला एक तरी नग विकला गेला का, हे कोणी तपासत नाही. जी वस्तू कुठल्याच दुकानात कधी एमआरपीला मिळत नाही, तिच्या एमआरपीवर ‘साठ टक्के सूट’ असं लिहिलं, तर ते गणित बरोबर असतं आणि ग्राहकाला जे समजतं ते चूक असतं. कपडे, पादत्राणे, गाद्या, बॅगा यांच्या व्यापारात हे सर्रास चालतं.

एमआरपीवरची सूटही कधीकधी खरी नसे. ‘फ्लॅट 40 टक्के’ असा फलक लावायचा आणि बिल करताना सवलतीनंतरच्या रकमेवर पुन्हा व्हॅट लावायचा, असा प्रकार बरीच वर्षं चालला. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो, त्यामुळे सवलतीनंतर तो वेगळा घेणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2017 मध्ये दिला. फलकावर लिहिलेली सूट बिलातही तेवढीच उतरली पाहिजे, हे त्यामुळे पक्कं झालं.

दरम्यान सेल कार्यालयातून आणि मॉलमधून फोनवर आला होता. 6 ऑक्टोबर 2014 ला फ्लिपकार्टचा पहिला ‘बिग बिलियन डे’ झाला. सेलच्या तोंडावर किमती वाढवून मग उतरवल्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि दुसऱ्याच दिवशी संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. आधीचे दर लोकांच्या स्क्रीनशॉटमध्ये होते, हा नवा भाग होता. कार्यालयातल्या सेलमध्ये कालची किंमत कोणाजवळ नसायची.

मुदतीचा खेळही बदलला. ‘फक्त तीन दिवस’ची जागा उलट्या मोजणीच्या घड्याळाने घेतली. पान पुन्हा उघडलं की काही घड्याळं नव्याने सुरू होतात. दुसऱ्या फोनवर उघडून पाहिलं की हे लगेच उघड होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाईक खेचण्यासाठी दिलेल्या आमिषाच्या जाहिरातींना त्यात अटी घातल्या: त्या दराने पुरेसा माल असला पाहिजे आणि माल मोजका असेल तर तसं सांगितलं पाहिजे. 30 नोव्हेंबर 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी तत्त्वांत तेरा प्रकारांची यादी आहे आणि तिच्यात पहिलंच नाव खोट्या घाईचं आहे.

आता छोट्या विक्रेत्याकडे येतो, कारण आज सेलची जाहिरात बहुतेक वेळा तोच लिहितो. सोलापुरात घरून साड्या विकणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांची इरकल कॉटन साडी जानेवारीपासून 1,850 रुपयांना जात होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती 1,650 ला दिली. पावसाळा आला, माल अंगावर राहू नये म्हणून जूनमध्ये 1,480 ला काढायची होती. ठोक व्यापाऱ्याकडून आलेल्या लेबलवर मात्र 3,200 छापलेले. ‘लेबलवर किती टाकू?’ असं तो विचारतोच. सांगाल तो आकडा छापून मिळतो. सुनेने विचारलं, “आई, बत्तीसशेच खोडू ना? सगळे तसंच करतात.”

बत्तीसशे खोडले की सूट 54 टक्के दिसते. 1,850 खोडले की ती 20 टक्के होते. मेमधला 1,650 चा दर धरला तर जेमतेम 10 टक्के. साडी तीच आणि ग्राहकाच्या खिशातून जाणारे 1,480 रुपयेही तेच. पण 54 टक्के हा आकडा खोटा आहे, कारण 3,200 ला ती साडी ना त्यांनी विकली, ना गल्लीतल्या दुसऱ्या कोणी. बिलबुकात 1,850 ची पन्नासेक बिलं होती. नेहमीच्या किमतीचा पुरावा तोच. लावलेल्या पण कधीच न विकल्या गेलेल्या किमतीला नेहमीची किंमत म्हणता येत नाही. शेवटी ताईंनी ग्राहकांच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर असा होता :

इरकल कॉटन साडी, ब्लाऊजपीससह.
आमचा नेहमीचा दर 1,850 रुपये (जानेवारीपासून, मे अखेरीस आठवडाभर 1,650).
सेलचा दर 1,480 रुपये. नेहमीच्या दरापेक्षा 370 रुपये कमी.
शुक्रवार 13 जून ते रविवार 22 जून 2025, रात्री 9 पर्यंत.
एकूण 34 साड्या. आधी संपल्या तर इथेच कळवू.
कुरिअर वेगळं, 80 रुपये.

‘आमचा’ हा शब्द कायद्याने मागितलेला खुलासा करतो. साल घातलं, कारण असे संदेश पुढे पुढे सरकत राहतात आणि पुढच्या वर्षी कोणीतरी तोच दर मागत येतं. कुरिअरचा खर्च आधीच सांगितला, नाहीतर 370 ची सवलत पैसे देताना 290 ची होते.

खरी अडचण 22 तारखेच्या रात्री येते. समजा, अकरा साड्या उरल्या. मुदत वाढवण्याचा मोह तिथेच होतो. पण 1,480 चा दर महिनाभर चालू ठेवला, तर तोच नेहमीचा दर होतो आणि दिवाळीत 1,850 खोडायचा हक्क राहत नाही. पुन्हा 1,850 लावून त्या किमतीला खरोखर विक्री झाली, तरच तो आकडा पुढच्या सेलला वापरता येतो. तसं जमत नसेल, तर ‘आजपासून दर 1,480’ एवढंच लिहावं आणि सेल हा शब्द काढावा.

युरोपीय संघाने या बाबतीत आपल्यापेक्षा पुढचं पाऊल टाकलं आहे. 28 मे 2022 पासून तिथे लागू झालेल्या नियमानुसार सवलत जाहीर करताना आधीच्या किमान तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. काही दुकानांनी ती किंमत बारीक अक्षरात छापली आणि टक्के मात्र जास्तीच्या किमतीवरच काढले. जर्मनीतल्या आल्डी ज्यूड या साखळीच्या केळी-अननसाच्या जाहिरातीवरून हा वाद न्यायालयात गेला. 26 सप्टेंबर 2024 ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की टक्केसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरच काढले पाहिजेत. या हिशेबाने ताईंची सूट दहा टक्केच ठरली असती. त्यांनी मेमधला दर स्वतःहून लिहिला, आपल्याकडे तो लिहायची सक्ती नाही.

माझं मत स्पष्ट आहे. 1984 पासूनचा नियम चांगला आहे, पण ‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक प्रकरणात नव्याने सिद्ध करावा लागतो आणि पाचशे रुपयांच्या कुर्त्यासाठी एवढी यातायात कोणी करत नाही. तीस दिवसांचा नियम कोणालाही बोटांवर तपासता येतो. तो आपल्याकडेही यायला हवा आणि त्यात एमआरपीला मूळ किंमत म्हणून खोडायला सरळ बंदी हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. नियम मोजता येण्यासारखा असला, तर हा अधिकारही अधिक वेळा वापरला जाईल.

तोवर सणाची खरेदी करणाऱ्यांनी एवढं करावं. हवी असलेली वस्तू सेलच्या महिनाभर आधी शोधून तिच्या दराचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा, सेलमधल्या जाहिरातीचाही ठेवावा, आणि दोन्हींत मेळ नसेल तर बिलासह 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.