चढाई मावेल कोणत्या चौकटीत?

कबड्डीच्या मैदानाच्या लांब बाजूला, मध्यरेषेच्या अगदी समोर, मोबाइल आडवा धरून कुणीतरी सामना टिपत असतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब असतं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या चौकटीत नेमकं बसलेलं असतं. सामना संपल्यावर त्यातली बोनसची एक चढाई रील म्हणून टाकायचं ठरतं. रील उभी आणि चित्रण आडवं, म्हणून ॲपमध्ये दोन बोटांनी चित्र मोठं केलं जातं. वरखालच्या काळ्या पट्ट्या जातात, स्क्रीन भरते आणि बोनस रेषाही चौकटीबाहेर जाते!

हिशोब सोपा आहे. आडव्या व्हिडिओची रुंदी आणि उंची १६:९ या प्रमाणात असते, उभ्याची ९:१६. आडव्या चित्राची उंची तशीच ठेवून त्यातून उभा तुकडा कापला, तर रुंदीचा तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी भाग उरतो. म्हणजे १३ मीटरपैकी जेमतेम ४ मीटर. मध्यरेषेपासून बोनस रेषा मात्र पावणेपाच मीटरवर असते. चढाई करणारा कुठून आला हे दाखवलं तर त्याने बोनस रेषा ओलांडली का ते दिसत नाही, आणि रेषा दाखवली तर परतीची मध्यरेषा जाते. तोच तुकडा चौरस कापला तर सुमारे ७.३ मीटर उरतात. अर्धं मैदान साडेसहा मीटरचं, त्यामुळे चढाई पूर्ण मावते.

मग सरळ आडवाच व्हिडिओ का टाकू नये? कारण फीड पाहणाऱ्याच्या हातात फोन उभा असतो. १०८० पिक्सेल रुंद आणि २४०० पिक्सेल उंच असा नेहमीचा स्क्रीन घेतला, तर आडवा व्हिडिओ त्याचा फक्त चौथा हिस्सा व्यापतो. चौरस व्हिडिओ ४५ टक्के जागा घेतो, ४:५ प्रमाणातला निम्म्याहून जास्त आणि ९:१६ चा ८० टक्के. आडव्या चित्रातला खेळाडू नखाएवढा दिसतो. त्याचा पाय रेषेपलीकडे टेकला की नाही, हे सांगता येत नाही. इन्स्टाग्रामने आधी फक्त चौरस चौकट ठेवली होती आणि २०१५ साली आडव्या-उभ्या चित्रांना वाट दिली. यूट्यूबवर तर आकारावरून व्हिडिओची जागाच बदलते. ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा चौरस किंवा उभा व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातो, तेवढाच आडवा व्हिडिओ मात्र नेहमीच्या व्हिडिओंत राहतो.

फुल स्क्रीनमध्ये पारडं फिरतं. फोन आडवा केला की १६:९ चित्र जवळजवळ सगळा स्क्रीन भरतं आणि सातही बचावपटू आपापल्या जागी नीट दिसतात. उभा व्हिडिओ टीव्हीवर लावला तर मधला एक तृतीयांश पट्टाच उजळतो. शिवाय रील उभ्या स्क्रीनभर पसरली, तरी ती सगळी दिसतेच असं नाही. खाली मजकूर आणि नाव येतं, उजव्या कडेला बटणं येतात. गुणफलक तळाशी चिकटवला असेल तर तो त्यांच्याखाली झाकला जातो. तो वरच्या कडेपासून थोडा खाली असलेला बरा.

सर्वात वाईट चूक म्हणजे आडवं चित्र उभ्या चौकटीत ठेवून काळ्या पट्ट्यांसकट व्हिडिओ तयार करणं. असा व्हिडिओ उभ्या फोनवर खपून जातो. फोन आडवा केला, की मूळ चित्र चारही बाजूंनी काळ्या रंगात अडकतं आणि स्क्रीनच्या जेमतेम ८ टक्के भागात उरतं. ओळखण्याची खूण म्हणजे फाइलच्या माहितीत १०८० × १९२० लिहिलेलं असतं, पण गॅलरीतल्या छोट्या चित्रातही पट्ट्या दिसतात. प्लेअरने दाखवलेल्या पट्ट्या फाइलमध्ये नसतात, त्यामुळे स्क्रीन बदलला की त्या आपोआप नाहीशा होतात. भाजलेल्या पट्ट्या कुठेच सुटत नाहीत. म्हणून आडवा व्हिडिओ आडवाच चढवावा, पट्ट्यांचं प्लेअर बघून घेईल.

रील हवीच असेल, तर कापाकापीपेक्षा उभं राहण्याची जागा बदलणं कितीतरी चांगलं. बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे, टेबलावर किंवा मंचावर चढून फोन उभा धरायचा. आता मैदानाची १० मीटर रुंदी आडवी येते. बोनस रेषा आणि मध्यरेषा एकीवर एक दिसतात आणि खेळाडू कॅमेऱ्याकडे धावत येतो. उंची मात्र हवीच, नाहीतर बचावपटूंच्या पाठींआड त्याचे पाय दडतात. आणि बाजूनेच टिपायचं असेल, तर ४के मध्ये टिपावं. त्यातून कापलेला उभा तुकडाही १२१५ पिक्सेल रुंद भरतो आणि रीलसाठी पुरतो. नेहमीच्या एचडी चित्रणातून ६०७ पिक्सेलच हाती लागतात, आणि ताणून मोठं केलेलं ते चित्र नेमकं पाय टेकण्याच्या क्षणी पुसट होतं.