सॉल्ट तेच, मग भाव वेगळा का?

"काकाजी, सॉल्ट सेम आहे, फक्त कंपनी वेगळी." यवतमाळच्या दत्त चौकात असो की वणी, पुसद, उमरखेडला, मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य कानावर पडतंच. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण सॉल्ट सेम असणं, गोळी सेम असणं आणि ती स्वस्त असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकीची खात्री वेगळ्या पद्धतीने करावी लागते. त्यासाठी मधुमेहाची एकच गोळी घेऊ: सिटाग्लिप्टिन ५० मिलीग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलीग्रॅम यांचं मिश्रण. ही गोळी निवडण्याचं कारण म्हणजे सॉल्टचा प्रश्न तिच्यापायी थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता.

सिटाग्लिप्टिन हा मर्क या अमेरिकी कंपनीचा शोध. भारतात त्याचं पेटंट असतानाच मुंबईच्या ग्लेनमार्कने तेच औषध आपल्या ब्रँडने बाजारात आणलं. ग्लेनमार्कच्या युक्तिवादांतला एक असा होता: पेटंट सिटाग्लिप्टिनवर आहे, आम्ही विकतो ते सिटाग्लिप्टिन फॉस्फेट, म्हणजे त्याचा क्षार. पदार्थच वेगळा! न्यायालयाला ते पटलं नाही. शरीरात काम करतो तो सिटाग्लिप्टिनचा रेणू, फॉस्फेट त्याला पोटापर्यंत पोचवतं, असा त्या निकालाचा सूर होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने ग्लेनमार्कला पेटंट असेपर्यंत ही विक्री करायला मनाई केली. पुढे जुलै २०२२ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि एकामागून एक भारतीय कंपन्या आपापल्या नावाने हीच गोळी घेऊन उतरल्या.

औषधाला क्षाराचं रूप का देतात, तर पुष्कळ औषधी रेणू मूळ रूपात नीट विरघळत नाहीत, टिकत नाहीत किंवा त्यांची गोळी दाबता येत नाही. आम्लाशी संयोग करून त्यांचा क्षार केला की स्फटिक चांगले होतात आणि पाण्यात विरघळतात. मात्र क्षाराचंही स्वतःचं वजन असतं. ५० मिलीग्रॅम सिटाग्लिप्टिन मिळवायला फॉस्फेट मोनोहायड्रेटच्या रूपात ६४.२५ मिलीग्रॅम पदार्थ लागतो. म्हणून स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत 'सिटाग्लिप्टिन फॉस्फेट मोनोहायड्रेट, सिटाग्लिप्टिन ५० मिलीग्रॅमच्या समतुल्य' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. दुसऱ्या कंपनीने दुसरा क्षार वापरला असेल, तर ओळीचा पहिला भाग बदलेल. आपण जुळवायचा तो 'समतुल्य'नंतरचा आकडा. मेटफॉर्मिनची रीत नेमकी उलटी आहे. तिथे ५०० हा आकडा मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड या क्षाराचाच असतो आणि त्यात शुद्ध मेटफॉर्मिन सुमारे ३९० मिलीग्रॅम भरतं. सगळ्याच कंपन्या तसं मोजत असल्याने तुलनेत अडचण येत नाही.

खरी चूक होते ती पुढच्या शब्दांवर. मेटफॉर्मिन दोन प्रकारच्या गोळ्यांत मिळतं. साधी गोळी पोटात लवकर विरघळते. दुसरी औषध हळूहळू, काही तास सोडत राहते. तिच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा पीआर असं काहीतरी लिहिलेलं असतं. दोन्हींत सॉल्ट तेच आणि मिलीग्रॅमही तेच, पण एकीच्या जागी दुसरी घेता येत नाही. साधी गोळी सहसा दिवसातून दोनदा असते, हळू सुटणारी बहुधा एकदा, आणि ती मोडायची किंवा कुटायची नसते. या दुसऱ्या प्रकारातल्या काही गोळ्यांचा रिकामा सांगाडा शौचातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तो पाहून 'स्वस्तातली गोळी विरघळलीच नाही' अशी समजूत होते. औषध केव्हाच शोषलं गेलेलं असतं. महागड्या ब्रँडच्या गोळीचाही सांगाडा असाच निघू शकतो.

आता पैशाचं बघू. सप्टेंबर २०२२ मध्ये, पेटंट संपल्यावर दोनेक महिन्यांत, केंद्र सरकारने जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिन आणलं. ५०/५०० च्या १० गोळ्यांची किंमत ६५ रुपये ठरली. नावाजलेल्या ब्रँडच्या अशा गोळ्या प्रकारानुसार १६२ ते २५८ रुपयांना आहेत, असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. रोज दोन गोळ्या लागणाऱ्या माणसाचा हिशेब करा. महिन्याच्या ६० गोळ्या जनऔषधीत ३९० रुपयांना. ब्रँडचा सगळ्यात खालचा भाव धरला तरी ९७२ रुपये. कापूस विकला जाईपर्यंत हातात रोख नसलेल्या घरात हा ५८२ रुपयांचा फरक गोळी चालू राहणार की बंद पडणार हे ठरवतो.

पण तो भाव २०२२ चा. त्यानंतर कंपन्यांची चढाओढ लागली आणि ब्रँडमध्येही स्वस्त-महाग अशी मोठी उतरंड तयार झाली. म्हणून आजची तुलना आजच्या स्ट्रिपवरूनच करायची आणि ती एका गोळीच्या दराने. काही आकडे समजुतीसाठी धरू. तुमच्या ब्रँडची १५ गोळ्यांची स्ट्रिप १७१ रुपयांना आहे, म्हणजे गोळी ११ रुपये ४० पैशांना. दुसऱ्या कंपनीची १० ची स्ट्रिप ९८ ला, म्हणजे ९ रुपये ८० पैसे. तिसरी 'जेनेरिक' म्हणून समोर येते: १० गोळ्या, छापील किंमत १५०, त्यावर ४० टक्के सूट, म्हणून ९० रुपये. साठ रुपये वाचले असं वाटतं. प्रत्यक्षात दुसऱ्या ब्रँडपेक्षा गोळीमागे ८० पैसेच वाचले.

ही तिसरी स्ट्रिप धंद्याची भाषा कळल्याशिवाय उमगत नाही. भारतात जेनेरिक दोन तऱ्हेने विकलं जातं. एकात कंपनी नाव ठेवते आणि एमआर डॉक्टरांकडे जाऊन ते नाव लिहून घेतो. त्याचा खर्च किमतीत येतो. दुसऱ्यात कंपनी डॉक्टरांकडे जातच नाही, थेट स्टॉकिस्ट आणि दुकानदाराला माल देते. या मालावर एमआरपी ब्रँडच्या आसपास छापलेली असू शकते आणि दुकानदाराची खरेदी त्याच्या कितीतरी खाली असते. मधली रक्कम किती स्वतःकडे ठेवायची आणि किती सूट द्यायची, हे दुकानदार ठरवतो. म्हणून 'जेनेरिकवर ५० टक्के सूट' ही पाटी किंमत कमी असल्याचा पुरावा नाही. सूट कुठल्या आकड्यावर, हे विचारलंच पाहिजे.

सरकारी नियंत्रणाने हे का थांबत नाही? कारण ते सगळ्या औषधांवर सारखं नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणारं केंद्रीय प्राधिकरण, कमाल किंमत लावतं. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या उत्पादनांच्या दुकानदाराला पडणाऱ्या दरांची सरासरी काढायची आणि त्यावर १६ टक्के नफा धरायचा, असं ते सूत्र आहे. साधं मेटफॉर्मिन ५०० या यादीत आहे. त्यामुळे त्याचा ब्रँडही मुळात स्वस्त असतो आणि जेनेरिक शोधून फार वाचत नाही. सिटाग्लिप्टिन २०२२ च्या यादीत नाही, त्याच कुळातलं टेनेलिग्लिप्टिन मात्र आहे. पण तेवढ्यासाठी आपल्या मनाने एकाऐवजी दुसरं घेऊ नका. तो सॉल्टचा नाही, औषधाचाच बदल झाला आणि तो डॉक्टरांनी करायचा असतो.

भाव घरबसल्या पाहायला दोन सरकारी अ‍ॅप आहेत. 'जनऔषधी सुगम'मध्ये ब्रँडचं नाव न लिहिता Sitagliptin असं घटकाचं नाव टाकायचं. किंमत, गोळ्यांची संख्या आणि जवळचं केंद्र दिसतं. एनपीपीएच्या 'फार्मा सही दाम'मध्ये त्याच घटकाच्या इतर ब्रँडच्या किमती मिळतात. केंद्रात जाण्याआधी फोन करून माल आहे का, हे विचारून घ्यावं. झरी-जामणीहून वणीला किंवा घाटंजीहून यवतमाळला जाऊन 'संपलंय, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकलं, तर वाचलेले पैसे एसटीच्या तिकिटात गेले. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्रात आपलं औषध मोफत मिळतं का, हे आधी पाहावं.

दर्जाबद्दलची शंका मात्र नुसत्या विश्वासाने सुटत नाही. जेनेरिक ब्रँडसारखंच काम करतं का, हे तपासताना निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात आणि ठरावीक अंतराने रक्त घेऊन त्यातलं औषध मोजतात. दोन्हींच्या गुणोत्तराचा, संख्याशास्त्रीय अनिश्चितता धरून आलेला पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसला पाहिजे. 'जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी चालतं' हा समज याच आकड्यातून निघालेला आहे. संपूर्ण पट्टा आत बसवायचा तर सरासरी १०० च्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांतल्या २०७० चाचण्या तपासल्या, तेव्हा शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्याकडे कमी विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी एप्रिल २०१७ पासून सक्तीची आहे. त्याआधी परवाना मिळालेल्या मालाबद्दल तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही. सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही पाण्यात सहज विरघळतात, म्हणून साध्या गोळीत धोका कमी.

प्रत्येक औषधात एवढा फरक खपत नाही. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला फिट्सच्या रुग्णांत अचानक विषबाधेची लक्षणं दिसू लागली. फेनिटॉइन या त्यांच्या औषधाचा डोस तोच होता. उत्पादकाने कॅप्सूलमधला भराव, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, काढून त्या जागी लॅक्टोज घातलं होतं आणि त्यामुळे औषध जास्त शोषलं जाऊ लागलं. फिट्सची औषधं, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांच्यात उपयोगी आणि घातक मात्रेतलं अंतर कमी असतं. ती ब्रँड असोत की जेनेरिक, एकच कंपनी धरून ठेवावी आणि बदलायची झाल्यास डॉक्टरांना सांगून रक्ततपासणी करावी.

दुकानदाराला चिठ्ठीतला ब्रँड स्वतःहून बदलता येत नाही. सॉल्ट तेच असलं तरी औषध नियमांत त्याला मनाई आहे. डॉक्टरांनी घटकाचंच नाव लिहावं हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. त्यामुळे "डॉक्टरसाहेब, घटकाचं नाव लिहून द्या" हे पेशंटनेच म्हणायला हवं. गोळी बदलल्यावर दोन आठवडे उपाशीपोटीची साखर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. पथ्य, वेळ आणि डोस तेच असताना आकडे चढले, तर बॅच नंबर असलेलं बिल घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंटला स्वतःही कळवता येतं.