दार बंद, तरी फ्रीज ओरडतो

रत्नागिरीच्या मावशीचा रात्री साडेअकराला फोन आला. "अगं, फ्रीज मघापासून टुंई टुंई करतोय. दार तर गच्च बंद आहे. चार वेळा उघडून पुन्हा लावलं. मिनिटभर गप्प बसतो आणि पुन्हा सुरू." चार दिवसांपासून दूधही नासत होतं. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवर ऐकूनच सांगितलं होतं, की गॅस संपलाय, भरावा लागेल. दुसऱ्या दिवशी मी जाणारच होते, म्हणून तिला फक्त एकच विचारलं, "वरच्या फ्रीजरमध्ये बर्फ कसा आहे?" ती म्हणाली, "दगडासारखा."

गॅस कमी झाला तर फ्रीजरही ढिला पडतो. फ्रीजर कडक आणि खाली दूध नासतंय, शिवाय दार लावलेलं असताना अलार्म वाजतोय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय दाराच्या स्विचवर घ्यावा.

फ्रीजला दार दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त चौकटीतला एक छोटा स्विच. दार लागलं की स्विचची स्थिती बदलते आणि तेवढ्यावरून आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, म्हणजे मेकॅनिक ज्याला पीसीबी म्हणतात ते, दार बंद झाल्याचं मानतं. दार उघडं आहे असं वाटलं तर ते दिवा लावतं आणि एक-दोन मिनिटांनी बझर वाजवतं. बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये ते आणखी एक काम करतं आणि ते मात्र आपल्या लक्षात येत नाही. ते आतला पंखा थांबवतं.

या फ्रीजमध्ये थंडावा तयार होतो फ्रीजरच्या मागच्या कॉइलवर. तिथून गार हवा खालच्या कप्प्यात ढकलतो तो हाच पंखा. दार उघडल्यावर गार हवा बाहेर फेकली जाऊ नये म्हणून त्याला थांबवतात. पण स्विच बिघडला की फ्रीजच्या लेखी दार दिवसभर उघडंच असतं आणि पंखा दिवसभर बंद. फ्रीजर कॉइलला लागूनच असल्यामुळे तिथे बर्फ राहतो आणि खालचं दूध नासतं.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेल्यावर आधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. मोबाइल खालच्या कप्प्यात दिव्याकडे तोंड करून ठेवला, दार लावलं, दहा सेकंदांनी काढून पाहिलं. दार लागल्याक्षणी चित्र काळं व्हायला हवं होतं. मावशीच्या व्हिडिओत कोथिंबिरीची जुडी शेवटपर्यंत लख्ख दिसत होती. म्हणजे दार लागल्याची खबर आत पोचतच नव्हती.

अर्थात, दार खरंच किंचित उघडं राहत असेल तर स्विचचा काय दोष? म्हणून चौकट आणि दाराचं रबर यांच्यात दहाची नोट धरून दार लावलं आणि नोट ओढली. चारही बाजूंनी असं करून पाहिलं. नोट सगळीकडे अडकून ओढावी लागली. रबर ठीक होतं, आतलं कुठलं भांडंही दाराला अडत नव्हतं.

आता स्विच शोधायचा. तो दोन प्रकारचा असतो. एक असतो दाबायचा. चौकटीत एक प्लास्टिकचं बटण बाहेर डोकावतं आणि दार त्याला आत ढकलतं. बोटाने दाबून दिवा विझतो का ते पाहायचं. बोटाने विझतो पण दाराने विझत नाही, तर दार तिथवर पोचत नाही किंवा बटणाचं टोक झिजलंय. बोटानेही विझत नसेल तर स्विच किंवा त्याची वायर खराब. मावशीच्या फ्रीजला असं बटण नव्हतं. तिथे दुसरा प्रकार होता, चुंबकाचा. त्याला रीड स्विच म्हणतात. बारीक काचेच्या नळीत दोन पातळ पात्या असतात आणि चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात. चुंबक दारात बसवलेलं असतं, स्विच चौकटीच्या पॅनेलमागे. बाहेरून काहीच दिसत नाही.

मावशीच्या पर्सच्या झडपेला चुंबकाचं बटण होतं. दार उघडं ठेवून ती झडप चौकटीच्या वरच्या पट्टीवरून हळूहळू सरकवत नेली. एका जागी दिवा पटकन विझला. पर्स दूर नेली, दिवा लागला. स्विच शाबूत होता. मग दारातलं चुंबक त्याच्यापर्यंत पोचत का नव्हतं?

दार लावलं, बझर सुरू होऊ दिला आणि हँडलला धरून दार जरासं वर उचललं. आवाज थांबला. सोडलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू. कारण सापडलं. दाराच्या खालच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या आणि लोणच्याच्या दोन बरण्या होत्या. वर्षानुवर्षांच्या वजनाने बिजागरीतलं प्लास्टिकचं बुश झिजून दार काही मिलिमीटर खाली आलं होतं. रबर चुंबकी असल्याने दार घट्ट चिकटायचं, पण वरच्या कडेतलं चुंबक स्विचपासून लांब पडायचं.

मेकॅनिकला बोलावून बुश बदललं, बिजागरीचे स्क्रू आवळले. बाटल्या आतल्या कप्प्यात गेल्या. फ्रीजचे पुढचे पाय अगदी थोडे वर घेतले, म्हणजे दार आपोआप मिटतं. संध्याकाळी व्हिडिओ काळा आला आणि रात्रीपर्यंत खालचा कप्पा गार झाला. गॅसला कुणी हात लावला नाही.

स्विचच खराब निघाला तर बदलणं हाच उपाय. बटणाच्या जागी चिकटपट्टी लावून किंवा स्विचपाशी कायमचं चुंबक डकवून आवाज बंद करता येतो, पण मग दार खरंच उघडं राहिलं तरी अलार्म वाजणार नाही आणि पंखा उघड्या दारातून गार हवा बाहेर टाकत राहील. स्विच काढण्याआधी प्लग काढायलाच हवा. जुन्या साध्या फ्रीजमध्ये या छोट्या स्विचमधून थेट 230 व्होल्ट जातात.

त्या जुन्या फ्रीजमध्ये अलार्म नसतो, त्यामुळे हाच बिघाड महिनोन्महिने कळत नाही. आतला 15 वॅटचा बल्ब चोवीस तास जळला तर दिवसाला 0.36 युनिट, महिन्याला जवळपास 11 युनिट वीज जाते. शिवाय त्याची उष्णता बाहेर फेकायला कॉम्प्रेसर जास्त चालतो. दार उघडल्या उघडल्या बल्बजवळ हात नेला आणि तो तापलेला लागला, तर समजावं की तो बंद दारामागे जळत होता.

उलटंही होतं. सरबत किंवा आमरस सांडून बटण आत चिकटून बसलं, तर दार उघडल्यावर अंधार राहतो आणि आपण उगाच बल्ब बदलत बसतो. अशा वेळी प्लग काढून, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने बटणाची कड पुसावी आणि ते मोकळं होतं का पाहावं.

व्हिडिओ काळा येत असूनही फ्रीज वाजत असेल, तर मात्र दाराचा प्रश्न नाही. काही मॉडेल आतलं तापमान वाढलं तरी वाजतात, मोठ्या वीजकपातीनंतर किंवा गरम पातेलं आत ठेवल्यावर. काही तासांत थंडावा पूर्ववत झाला की आवाज थांबायला हवा. नाही थांबला तर मेकॅनिकला बोलवावं आणि त्याला तो व्हिडिओही दाखवावा, म्हणजे त्याला गॅसपासून सुरुवात करावी लागणार नाही.