दोनदा कळलं नाही, तर पुढचं वाक्य कोणतं?

‘या महिन्याचं लाइट बिल डबल आलंय.’
‘क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.’
‘बिल डबल आलंय. रीडिंग चुकलंय.’
‘क्षमस्व, मला समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा.’

हा संवाद एका काल्पनिक वीज कंपनीच्या चॅटबॉटचा आहे, पण असा अनुभव बहुतेकांना कुठे ना कुठे आलेला असतो. इथून पुढे ग्राहक तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहितो, बॉट तिसऱ्यांदा माफी मागतो आणि हे चक्र ग्राहक कंटाळून खिडकी बंद करेपर्यंत चालतं. ते दुसऱ्या चुकीपाशीच थांबवता येतं. त्यासाठी बॉट अधिक हुशार असण्याची गरज नाही. त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य बदलावं लागतं.

आधी ‘समजलं नाही’ म्हणजे आत काय झालं ते पाहू. अशा बॉटला काही ठरावीक विषय शिकवलेले असतात: बिल भरणं, बिलाची दुसरी प्रत, जास्त बिलाची तक्रार, वीज गेल्याची तक्रार. ग्राहकाचं वाक्य आलं की बॉट प्रत्येक विषयाला शून्य ते एकच्या दरम्यान गुण देतो. सर्वांत वरचे गुण ठरलेल्या मर्यादेखाली असले, तर ‘समजलं नाही’. ‘रासा’ या चॅटबॉट बनवण्याच्या प्रसिद्ध साधनात ही मर्यादा मुळात 0.3 असते. त्यात आणखी एक अट घालता येते: पहिल्या दोन विषयांच्या गुणांत 0.1 पेक्षा कमी अंतर असेल, तरी ‘समजलं नाही’ असंच धरायचं.

आता आपलं उदाहरण घेऊ. समजा, जास्त बिलाच्या तक्रारीला 0.46 गुण मिळाले आणि ‘डबल’ या शब्दामुळे बिलाच्या दुसऱ्या प्रतीला 0.41. दोन्ही मर्यादेच्या वर आहेत, पण अंतर फक्त 0.05 आहे. म्हणजे बॉटला बरंच कळलेलं आहे. विषय बिलाचा आहे आणि शंका दोनच पर्यायांमध्ये आहे. तरीही तो ‘समजलं नाही’ म्हणतो आणि हाताशी आलेली माहिती फेकून देतो. ग्राहकाला वाटतं, आपलं काहीच पोचलं नाही.

‘पुन्हा सांगा’ या सूचनेने काम आणखी बिघडतं. काय चुकलं हे कळल्याशिवाय माणूस वेगळं काय सांगणार? तो तेच लिहितो, किंवा चिडून ‘बिल!!’ एवढंच लिहितो आणि बॉटच्या हाती आधीपेक्षा कमी माहिती येते. आवाजावर चालणाऱ्या यंत्रणांबाबत शॅरन ओव्हियाट या संशोधिकेने 1990च्या दशकात दाखवलं, की यंत्राला कळलं नाही की माणसं मुद्दाम सावकाश, तोडून तोडून बोलू लागतात. त्या काळच्या यंत्रणा सहज बोलण्यावर तयार झालेल्या असल्याने असं बोलणं ओळखणं त्यांना जास्त अवघड जाई. एका चुकीतून दुसरी चूक निघायची.

माणूस यंत्राच्या जागी बसला तर काय करतो? स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या गॅब्रिएल स्कांत्से यांनी याचा प्रयोग केला. वाट विचारणाऱ्याचं बोलणं वाट दाखवणाऱ्याला ऐकू येत नव्हतं. यंत्राने उतरवलेले, चुकांनी भरलेले शब्दच त्याच्या पडद्यावर दिसत होते. बऱ्याचदा काही बोध होत नसे. तरीही वाट दाखवणारे ‘कळलं नाही’ असं क्वचितच म्हणाले. ते कामाशी संबंधित पुढचा प्रश्न विचारत: तुमच्या समोर एखादी इमारत दिसते का? अशा प्रश्नांनी गाडी लवकर रुळावर येई आणि विचारणाऱ्यालाही आपलं म्हणणं समजतंय असं वाटत राही. पुढे 2019 मध्ये झाहरा अश्कतोराब आणि सहकाऱ्यांनी चॅटबॉटच्या सावरण्याच्या वेगवेगळ्या पद्धती लोकांपुढे ठेवल्या. त्यात पर्याय देणं आणि अडचण कुठे आली ते सांगणं या पद्धती लोकांना सर्वसाधारणपणे जास्त पटल्या.

हे आपल्या वीज कंपनीच्या बॉटला लावू. पहिल्या चुकीनंतरचं वाक्य छोटं असावं आणि जे कळलं ते आधी सांगावं:

‘बिलाबद्दल आहे, एवढं कळलं. रक्कम जास्त आली आहे, की बिलाची आणखी एक प्रत हवी आहे?’

यात माफी नाही आणि तिची उणीवही भासत नाही. तरीही उत्तर जुळलं नाही, तर दुसऱ्या वेळी प्रश्नाचा प्रकारच बदलायचा. ग्राहकाने शब्द शोधायचे नाहीत, बोट ठेवायचं:

‘माफ करा, मला अजून नीट कळलेलं नाही. यातलं काय हवं आहे? 1. बिलाची रक्कम जास्त आहे. 2. बिलाची प्रत हवी. 3. यातलं काही नाही, माणसाशी बोलायचं आहे.’

माफी इथे एकदाच येते. चूक बॉट स्वतःकडे घेतो. ‘तुमचा संदेश चुकीचा आहे’ असं म्हणत नाही. तिसरा पर्याय गाळला, तर ज्याचं काम यादीतच नाही तो पुन्हा त्याच चक्रात अडकतो. तिसरी चूक झालीच, तर विचारणं थांबवून सोपवणं:

‘हे मी आमच्या कर्मचाऱ्याकडे देतो. बिल दुप्पट आलं आणि रीडिंग चुकलं, असं तुम्ही लिहिलंत. ते त्यांना दिसेल, पुन्हा सांगावं लागणार नाही.’

हे वचन खरं असलं पाहिजे. रात्री कुणी नसेल, तर तक्रार क्रमांक आणि उत्तर कधी मिळेल ती वेळ सांगावी. आणि मीटरमधून ठिणग्या उडताहेत असं कुणी लिहिलं, तर या पायऱ्या लागूच होत नाहीत. पहिल्याच उत्तरात तातडीचा फोन नंबर द्यायचा.

ही वाक्यं तयार असूनही चक्र चालू राहतं, त्याचं कारण बहुधा मोजणीत असतं. सलग किती वेळा चुकलं हे बॉटने लक्षात ठेवायला हवं. आवाजी यंत्रणांसाठी 2004 मध्ये प्रमाणित झालेल्या व्हॉइसएक्सएमएल 2.0 मध्ये कितव्या चुकीला कोणतं वाक्य, हे ठरवण्याची सोय होतीच. पण पुष्कळ बॉटमध्ये माफीची चार-पाच वाक्यं भरून त्यातलं कुठलंही एक उचललं जातं. शब्द बदलतात, मागणी तीच राहते. काही ठिकाणी ग्राहकाने मध्ये ‘हॅलो’ लिहिलं की बॉटला ते कळतं आणि मोजणी शून्यावर जाते. काम पुढे सरकलं, तरच मोजणी शून्यावर जावी.

नव्या, मोठ्या भाषा-मॉडेलवरच्या बॉटमध्ये हे चक्र वेगळ्या रूपात येतं. ते ‘समजलं नाही’ क्वचितच म्हणतात. चुकीचं उत्तर देतात, ग्राहकाने टोकलं की माफी मागतात आणि तेच उत्तर थोडं फिरवून पुन्हा देतात. तिथे ग्राहकाचं टोकणं मोजावं लागतं. ‘नाही, तसं नाही’ दोनदा आलं, की पुन्हा उत्तर न देता पर्याय विचारायचे.

आपला बॉट यात कुठे बसतो हे त्याच्या नोंदी वाचून कळतं. सलग दोन चुका झालेले संवाद वेगळे काढायचे आणि तिसऱ्या वेळी ग्राहकाने काय केलं ते पाहायचं. त्याने पर्याय निवडला असेल, तर वाक्य काम करतंय. तेच वाक्य पुन्हा लिहिलं असेल किंवा तो निघून गेला असेल, तर नाही. हे वाचताना मराठी ग्राहक कसे लिहितात तेही दिसतं: कुणी ‘लाइट बिल’, कुणी ‘वीज देयक’, कुणी रोमन लिपीत ‘bil jasta aalay’. ही वाक्यं बॉटच्या शिकवणीत गेली, की दुसऱ्या चुकीपर्यंत पोचणारेच कमी होतात. तोवर जे पोचतात, त्यांना माफीपेक्षा निवडता येईल असा पर्याय आधी द्यायला हवा.