नवा शर्ट, सकाळचं फिरणं, रात्रीचा उशीर

गैरसमज : नवरा किंवा बायको अचानक नटायला लागली, वेळा बदलल्या, म्हणजे बाहेर कुणीतरी आहे.

वस्तुस्थिती : संशय घेण्याआधी प्रत्येक बदलाची तारीख आठवून पाहावी. समजा, ठाण्यातलं एक जोडपं आहे. नवरा सेहेचाळीस वर्षांचा, अमेरिकी कंपनीचं काम करणारा. कधी नव्हे तो पहाटे उठून फिरायला जाऊ लागला आहे. केसांना कलप लावतो, दोन नवे शर्ट घेतले आहेत आणि साडेआठला घरी येणारा माणूस आता साडेनऊला येतो. बायकोच्या मनात या सगळ्याचं एकच उत्तर तयार होतं. कुणाच्याही मनात होईल, कारण बदल एकत्र दिसले की कारणही एकच असेल असं वाटतं.

आता कॅलेंडर समोर ठेवू. फिरणं ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू झालं, ऑफिसच्या आरोग्य तपासणीनंतर. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ६.१ आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशा वेळी डॉक्टर आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालायला सांगतात. कलप आणि शर्ट दिवाळीतले. त्याच सुमारास त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान माणूस त्याचा साहेब होऊन आला होता आणि आपण म्हातारे दिसतो हे त्याला टोचत होतं. उशीर मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपासूनचा. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, ती त्या दिवसापासून साडेआठला होते आणि मार्चपर्यंत तशीच राहते.

तीन बदल, तीन तारखा, तीन कारणं. त्याने बायकोपासून काही लपवलं नव्हतं असं मात्र नाही. वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे तो रिपोर्ट घरी दाखवायला घाबरला आणि कागद बॅगेतच राहिला. बायकोला जाणवलेली लपवाछपवी खरी होती, तिने लावलेला अर्थ चुकला होता. माझ्या मते अशा प्रसंगांत सगळ्यात जास्त घात इथेच होतो. जोडीदार काहीतरी सांगत नाही, हे आपल्याला बरोबर कळतं आणि त्या जोरावर तो काय सांगत नाही हेही कळलं असं आपण धरून चालतो. कर्ज, नोकरीवरची टांगती तलवार, आजाराची भीती, या गोष्टीही माणसं घरात लपवतात.

गैरसमज : इतक्या वर्षांचा संसार, खोटं बोलला तर चेहऱ्यावरून लगेच कळेल.

वस्तुस्थिती : खरं-खोटं ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ साली बाँड आणि डीपाउलो या संशोधकांनी घेतला. लोकांचा अंदाज सरासरी १०० पैकी ५४ वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतंच. नजर चुकवणं, अडखळणं हे घाबरलेला खरा माणूसही करतो.

गैरसमज : नीटनेटकं राहणं सोडलं, म्हणजे संसारातला रस संपला.

वस्तुस्थिती : दाढी वाढलेली, अंघोळीचा कंटाळा, झोप आणि भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर नैराश्याची शंका घ्यावी. याच्या उलट चित्रही जपून पाहावं. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, भडक कपडे, बेसुमार खरेदी, असं काही दिवस सलग दिसलं तर ते उन्मादाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी भांडण बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

संशय कधी खरा ठरतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण कलप किंवा परफ्यूम हा त्याचा पुरावा नव्हे. एकाच संध्याकाळची दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली, ऑफिसात होतो म्हटलं आणि तिथे नव्हता, घरखर्चाच्या पैशांचा हिशेब लागत नाही, या गोष्टींना वजन आहे. तेव्हाही चोरून मोबाइल उघडू नका. अर्धवट वाचलेल्या निरोपांचे अर्थही आपण मनातल्या संशयाप्रमाणेच लावतो आणि मग बोलणं मूळ प्रश्न सोडून मोबाइल का पाहिला यावरच अडतं.

विचारायचं तर दिसलेलं तेवढंच विचारा. "कोण आहे ती?" या प्रश्नाला फक्त नकार किंवा भांडण मिळतं. "नोव्हेंबरपासून तुला यायला तासभर उशीर होतोय, काय चाललंय?" याला उत्तर मिळतं आणि ते पडताळूनही पाहता येतं. मुलं झोपल्यावर, दोघंच असताना विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.