०.८ लिहिलं, ८ हवं होतं

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच प्रकरणात एक गणित असतं. खाली एक स्थिर प्लेट, तिच्यावर तेलाचा पातळ थर आणि त्यावर सरकणारी दुसरी प्लेट. वरची प्लेट ठरावीक वेगाने सरकवायला किती बल लागतं ते दिलेलं असतं, त्यावरून तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला तेल किती अडून बसतं ते काढायचं. गणित सोपं आहे. भांडण होतं ते उत्तराच्या शेवटच्या शब्दावरून.

उदाहरणादाखल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक अंतर्गत चाचणी घेऊ. प्लेटचं क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर, तेलाचा थर १.५ मिलिमीटर, वेग सेकंदाला ०.३ मीटर आणि बल ८० न्यूटन. ८० ला ०.५ ने भागलं की दर चौरस मीटरला १६० न्यूटन हा कातरताण मिळतो. वेगाला थराच्या जाडीने भागायचं, पण त्याआधी मिलिमीटरचे मीटर करायचे: ०.३ भागिले ०.००१५, म्हणजे २०० प्रतिसेकंद. आता १६० भागिले २००, उत्तर ०.८. विद्यार्थिनीने पुढे ‘पास्कल-सेकंद’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. पेपर परत आला तेव्हा त्या ०.८ वर लाल फुली होती, शेजारी ‘युनिट?’ असं लिहिलेलं आणि चारपैकी दोन गुण.

सरांच्या उत्तरपत्रिकेत होतं ‘८ पॉईज’. दोन्ही उत्तरं एकच आहेत. पॉईज हे जुन्या सेंटिमीटर-ग्रॅम पद्धतीतलं एकक: दर चौरस सेंटिमीटरला एक डाइन-सेकंद. एक डाइन म्हणजे न्यूटनचा एक लाखावा भाग आणि एक चौरस सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग. एकाला दुसऱ्याने भागलं की एक पॉईज बरोबर ०.१ पास्कल-सेकंद निघतो. म्हणून ०.८ पास्कल-सेकंद आणि ८ पॉईज यांत आठ आणे आणि पन्नास पैशांइतकाच फरक. आकडे मात्र फसवे. ६४ आणि ८ असे असते तर तपासणारा थबकला असता. ०.८ आणि ८ दिसले की हात आधी म्हणतो, दशांशचिन्ह घसरलं.

पॉईज हे नाव झाँ पॉझय या फ्रेंच डॉक्टरवरून आलं (१७९७ ते १८६९). शरीरातल्या रक्तप्रवाहाच्या कुतूहलापोटी त्याने बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजमापं केली होती. मीटर-किलोग्रॅम पद्धत येऊनही हे एकक गेलं नाही, याचं एक कारण सोयीचं आहे: २० अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळजवळ एक सेंटिपॉईज असते. असा गोल आकडा कोण सोडेल? त्यामुळे आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत गणित न्यूटन-मीटरमध्ये सुटतं आणि उत्तर पॉईजमध्ये छापलेलं असतं.

आता पत्र. ते बसल्या जागी रागाने लिहायचं नाही, आधी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचायची. प्रश्नात ‘व्हिस्कॉसिटी पॉईजमध्ये काढा’ असं म्हटलं असेल तर ०.८ पास्कल-सेकंद हे उत्तर अपुरं आहे, आणि अर्धा-एक गुण गेला तर तक्रारीला जागा नाही. नुसतं ०.८ लिहून युनिट टाकलंच नसेल, तर मात्र ते उत्तर कशाचंच नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात एककाचा उल्लेख नव्हता. तिने लिहिलं ते असं:

‘आदरणीय सर, सादर प्रणाम. काल मिळालेल्या चाचणीतल्या प्रश्न २ (अ) बद्दल एक विनंती आहे. माझं उत्तर ०.८ पास्कल-सेकंद आहे आणि त्यावर “युनिट?” असा शेरा आहे. १ पास्कल-सेकंद म्हणजे १० पॉईज, त्यामुळे माझं उत्तर ८ पॉईजइतकंच होतं, असं मला वाटतं. प्रश्नात एकक सांगितलेलं दिसलं नाही, म्हणून मी एसआय एकक ठेवलं. उत्तर पॉईजमध्येच द्यायचं असं आपण वर्गात सांगितलं असेल आणि माझ्याकडून ते निसटलं असेल, तर कृपया सांगावं. सवडीने उत्तर पुन्हा पाहावं, ही विनंती. त्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. आपली विद्यार्थिनी.’

या पत्रात सरांनी चूक केली, असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि तरीही मुद्दा निसटलेला नाही. सगळं वजन ‘१ पास्कल-सेकंद म्हणजे १० पॉईज’ या एका वाक्यावर आहे. सरांना गणित पुन्हा सोडवावं लागत नाही, फक्त ०.८ ला १० ने गुणायचं. साठ पेपरांचा गठ्ठा ज्याच्यापुढे आहे, त्याला हा मोठा दिलासा. ‘मी खूप अभ्यास केला होता’, ‘दोन गुणांनी माझी श्रेणी जाते’ असल्या ओळी मला पत्रात नकोच वाटतात. त्यांनी उत्तर बरोबर ठरत नाही आणि वाचणाऱ्याला मात्र उगाच अवघडल्यासारखं होतं.

अर्ज करण्याआधी स्वतःच्या उत्तराला आणखी एक कसोटी लावता येते: आकडा तेलाचा वाटतो का? ०.८ पास्कल-सेकंद म्हणजे पाण्याच्या सुमारे आठशेपट. एरंडेलासारखं दाट तेल या टापूत येतं, तेव्हा उत्तर पटण्यासारखं आहे. कुणी १.५ मिलिमीटरचे मीटर करायला विसरलं, तर हेच उत्तर ८०० येतं. ते तेल ओतायला गेलात तर भांड्यातून हलायचंच नाही. तिथे दोष युनिट तपासणाऱ्याचा नसतो.

त्याच पेपरात खरी चूक करणाराही एक असतो, आणि त्यालाही हेच पत्र पाठवायचं असतं. प्रश्न २ (ब) मध्ये तेलाची घनता दर घनमीटरला ९०० किलो दिली होती आणि कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी विचारली होती, म्हणजे व्हिस्कॉसिटी भागिले घनता. या पठ्ठ्याने (अ) मध्ये ८ पॉईज लिहून पूर्ण गुण मिळवले आणि (ब) मध्ये तेच ८ थेट ९०० ने भागले. आलं ०.००८८९, पुढे चौरस मीटर प्रतिसेकंद. वर जुन्या पद्धतीतला आकडा, खाली नव्या पद्धतीतला, त्यामुळे उत्तर दहापट मोठं. खरं उत्तर ०.८ भागिले ९००, म्हणजे ०.०००८८९ चौरस मीटर प्रतिसेकंद, किंवा ८.८९ स्टोक्स. इथे स्टोक्स आणि एसआय एककांत दहाचा नाही, दहा हजारांचा फरक असतो, म्हणून पॉईजची सवय झालेला हात इथे हमखास फसतो. याचं उत्तर कुठल्याही एककात लिहिलं तरी ८.८९ स्टोक्स होत नाही. त्याने सरांना फार तर विचारावं की सूत्राचा गुण मिळेल का.

हे सगळं अंतर्गत चाचणीपुरतं. विद्यापीठाच्या किंवा तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेत पेपर कुणी तपासला हेच कळत नाही, तेव्हा वर्गातल्या सरांना पत्र लिहून उपयोग नाही. तिथे मुदतीत शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहायला मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये म्हटलं आहे. छायाप्रत हाती आली की आधी गुणांची बेरीज पाहावी, मग न तपासलेलं पान राहिलंय का ते, आणि त्यानंतर युनिट.