पांढऱ्या शर्टावरचे तपकिरी थेंब

वाफेची इस्त्री गळते, तेव्हा आधी थेंबाचा रंग पाहावा. पाणी स्वच्छ असेल तर बहुधा तळ पुरेसा तापलेला नसतो. त्यामुळे पाण्याची वाफ न होता ते छिद्रांतून तसंच बाहेर येतं. तापमान वाढवून दिवा विझेपर्यंत थांबलं की गळती बहुतेकदा थांबते.

थेंब तपकिरी असतील तर आत क्षार साचलेले असतात. बोअरच्या जड पाण्यामुळे हे लवकर होतं. अशा वेळी टाकी कमाल पातळीच्या खुणेपर्यंत भरून इस्त्री पूर्ण तापवावी आणि प्लग काढावा. मग ती सिंकवर आडवी धरून ‘सेल्फ क्लीन’चं बटण दाबत हलकेच हलवावी. गरम पाण्याबरोबर क्षारांचे कण पडतात. हात वाफेपासून दूर ठेवावा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावं. व्हिनेगर मात्र माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच वापरावं, कारण आम्लामुळे आतले भाग खराब होऊ शकतात.

छिद्रं तुंबलेली असतील तर इस्त्री थंड झाल्यावर ओल्या कापसाच्या काडीने साफ करावीत. टाचणीने तळावर चरे पडतात. शेवटी जुन्या फडक्यावर वाफ सोडून पाहावी. डाग उमटला नाही, तरच शर्ट घ्यावा.